पिंगळीचा रूळ आणि अणूंचं गणित : पोलाद असायला हवं तितकं मजबूत का नसतं?

परभणीहून पूर्णेकडे निघालेल्या रेल्वेमार्गावर पिंगळी हे छोटं स्टेशन लागतं. तिथल्या फलाटावर उभं राहून समोरच्या रुळाकडे पाहा. भारतीय रेल्वेच्या मुख्य मार्गांवर जो रूळ सर्वाधिक दिसतो, त्याचं वजन मीटरला सुमारे ६० किलो असतं. रूळ आडवा कापला, तर कापलेल्या तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे ७,६७० चौरस मिलिमीटर भरतं, म्हणजे साधारण एका तळहाताएवढं.

आता एक कल्पना करू. हा रूळ उभा टांगला आणि खालून त्याला मालगाडीचे डबे लटकवत गेलो, तर किती डब्यांनी तो तुटेल? या प्रश्नाची दोन उत्तरं आहेत. पोलाद प्रत्यक्ष ओढून पाहिलं, तर उत्तर येतं साधारण ८ डबे. लोखंडाचे अणू एकमेकांना किती जोराने धरून ठेवतात यावरून गणित केलं, तर उत्तर येतं साडेतीनशेहून जास्त डबे.

दोन्ही उत्तरं एकाच धातूची आहेत. मग मधले साडेतीनशे डबे गेले कुठे? विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्या भागात धातुशास्त्रज्ञांना या प्रश्नाने बरंच छळलं. त्याचं उत्तर समजलं, की थंडीच्या पहाटे रुळाला तडा का जातो, आणि मुळात तो रोज का तुटत नाही, हेही समजतं.

आधी प्रत्यक्षातला आकडा

ताण मोजायला आपण मेगापास्कल हे एकक वापरू. १ मेगापास्कल म्हणजे एका चौरस मिलिमीटरवर १ न्यूटन, म्हणजे ढोबळमानाने १०० ग्रॅम वजनाची ओढ.

रेल्वेच्या रुळांसाठी वर्षानुवर्षं वापरलेल्या पोलादाची प्रत '८८०' या आकड्याने ओळखली जाते. ८८० मेगापास्कलपर्यंतचा ताण या पोलादाने तुटण्याआधी सोसलाच पाहिजे, असा त्याचा अर्थ. एका चौरस मिलिमीटर जाडीच्या तारेला हे सुमारे ९० किलो होतात. एखादा धिप्पाड माणूस त्या तारेला लटकू शकेल.

अख्ख्या रुळासाठी ८८० ला ७,६७० ने गुणा. सुमारे ६७.५ लाख न्यूटन, म्हणजे जवळजवळ ६९० टन येतात. कोळसा वाहणारा 'बॉक्स-एन' प्रकारचा भरलेला डबा सुमारे ८१ टनांचा असतो. म्हणजे ८ डबे झाले, आणि नववा लटकवताना रूळ तुटायला आला.

दोन अणूंमधली ओढ

आता दुसऱ्या बाजूने जाऊ. लोखंडाचे दोन शेजारी अणू घ्या. त्यांच्यात ठरावीक अंतर असतं, सुमारे २.५ अँगस्ट्रॉम, म्हणजे एका मिलिमीटरच्या ४० लाखाव्या भागाएवढं. या अंतरावर ते निवांत असतात. त्याहून जवळ दाबले तर एकमेकांना ढकलतात, आणि दूर ओढले तर परत खेचतात.

ही ओढ अंतरानुसार कशी बदलते याचा आलेख काढला, तर त्याची सुरुवात सरळ चढणीची दिसते. जितकं दूर ओढाल तितका विरोध वाढतो, स्प्रिंगसारखाच. पण स्प्रिंगप्रमाणे हा विरोध वाढतच राहत नाही. काही अंतरावर तो शिखर गाठतो आणि मग उतरणीला लागतो, कारण अणू इतके दूर गेलेले असतात की त्यांची एकमेकांवरची पकडच सुटू लागते. शेवटी तो शून्यावर येतो. बंध तुटलेला असतो.

हे शिखर महत्त्वाचं. बाहेरची ओढ शिखरापेक्षा कमी असेल, तर अणू थोडे ताणले जाऊन थांबतात. ती शिखराच्या वर गेली, की त्यांना थांबवणारं काहीच उरत नाही. सगळे अणू अगदी शिस्तीत रचलेले आहेत, एकही चूक नाही, अशा स्फटिकाची ताकद म्हणजे या शिखराची उंची. हीच स्फटिकाची सैद्धांतिक ताकद.

पण शिखराची उंची मोजायची कशी? दोन अणूंना चिमट्याने पकडून कोणी ओढलेलं नाही. गंमत अशी, की त्याची गरजही नाही. प्रयोगशाळेत सहज मिळणाऱ्या तीन आकड्यांवरून या आलेखाचा आकार बांधता येतो.

पहिला आकडा म्हणजे आलेखाची सुरुवातीची चढण. पोलादाची सळई थोडी ओढली की ती किती लांबते, हे यंगच्या गुणांकावरून कळतं. सळई लांबते म्हणजे तिच्यातल्या अणूंची प्रत्येक जोडी थोडी थोडी लांबत असते. त्यामुळे हा गुणांक आलेखाची चढणच सांगतो. लोखंडासाठी तो सुमारे २,००,००० मेगापास्कल आहे.

दुसरा आकडा म्हणजे आलेखाखालचं क्षेत्रफळ. अणूंचे दोन थर पूर्ण वेगळे करायला लागलेलं काम म्हणजे हे क्षेत्रफळ. थर वेगळे झाल्यावर दोन नवे पृष्ठभाग तयार होतात, आणि खर्ची पडलेलं काम त्या पृष्ठभागांत साठतं. तिला पृष्ठऊर्जा म्हणतात. लोखंडासाठी ती दर चौरस मीटरला सुमारे २ ज्यूल धरू. पृष्ठभाग दोन, म्हणून एकूण ४ ज्यूल.

तिसरा आकडा अणूंमधलं अंतर. ते क्ष-किरणांच्या साहाय्याने मोजता येतं.

चढण माहीत आहे आणि क्षेत्रफळ माहीत आहे. आता आलेखाच्या आकाराचा एक अंदाज केला, की शिखर आपोआप ठरतं. सगळ्यांत सोपा अंदाज म्हणजे साइन वक्राचा अर्धा भाग, एक गुळगुळीत टेकडी. ताण σ, शिखर σₘ, अणूंमधलं अंतर a, यंगचा गुणांक E, पृष्ठऊर्जा γ आणि वक्राची तरंगलांबी λ घेतली, तर :

```
σ = σₘ sin(2πx/λ)
चढण :       2πσₘ/λ = E/a
क्षेत्रफळ :   σₘλ/π = 2γ
म्हणून :     σₘ = √(Eγ/a)
```

मधल्या दोन समीकरणांतून λ काढून टाकला की शेवटचं समीकरण मिळतं. त्यात लोखंडाचे आकडे घालू :

```
σₘ = √(2×10¹¹ × 2 / 2.5×10⁻¹⁰)
   = √(1.6×10²¹)
   = 4×10¹⁰ Pa
```

म्हणजे ४०,००० मेगापास्कल. एका चौरस मिलिमीटरच्या तारेला ४ टन! अख्ख्या रुळाला सुमारे ३१,००० टन, म्हणजे ३८० डबे.

गणितातच चूक असेल तर?

एवढी तफावत दिसली की आधी गणितावर संशय घ्यावा, आणि तो रास्तही आहे. साइन वक्र हा केवळ सोयीचा अंदाज होता. खऱ्या अणूंचा आलेख तितका सुबक नसतो. शिवाय स्फटिक कोणत्या दिशेने ओढला जातो यावरही बरंच अवलंबून असतं. लोखंडाचा स्फटिक त्याच्या सर्वांत कमजोर दिशेने ओढला, तर बंध सुटण्याआधी अणूंची रचनाच कोलमडायला लागते. संगणकावर इलेक्ट्रॉनांच्या पातळीपासून केलेले काटेकोर हिशेब या दिशेसाठी १२ ते १३ हजार मेगापास्कल सांगतात.

म्हणजे आपला ४०,००० चा आकडा तिपटीने फुगलेला होता. पण दुरुस्त आकडा घेतला, तरी रुळाचं पोलाद त्याच्या पंधराव्या भागाइतकंच मजबूत ठरतं. आणि रूळ हे मुद्दाम कणखर बनवलेलं पोलाद आहे. शुद्ध लोखंड तापवून सावकाश थंड केलं, तर ते १०० मेगापास्कलच्या आतच कायमचं लांबायला लागतं. तिथे तफावत शंभर पटींच्या पुढे जाते. एवढी तफावत वक्राच्या आकारावर ढकलता येणार नाही.

पहिला संशयित : भेग

१९२० च्या सुमारास ब्रिटनमध्ये ए. ए. ग्रिफिथ हा अभियंता काचेच्या बाबतीत याच कोड्यावर विचार करत होता. त्याचं उत्तर असं : काचेवर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा असतात. ओढ लावली की भेगेच्या टोकाशी ताण एकवटतो. बाकी काच निवांत असली, तरी टोकावरच्या मोजक्या बंधांवरचा ताण त्या शिखरापर्यंत पोचतो. ते तुटले की पाळी पुढच्या बंधांची. सगळे बंध एकदम तोडावे लागत नाहीत, एकेक करून तुटत जातात.

काचेचं कोडं यामुळे सुटलं. पण धातूचं वागणं निराळं आहे. सेंटरिंगच्या कामावर सळया बांधायला जी मऊ बाइंडिंग वायर वापरतात, ती ओढून पाहा. ती काचेसारखी फट्कन तुटत नाही. आधी लांबते, एका जागी बारीक होते, आणि मग तुटते. म्हणजे अणूंचे थर एकमेकांपासून दूर जाण्याच्या कितीतरी आधी दुसरंच काहीतरी घडतं. १९०० च्या सुमारास केंब्रिजमध्ये युइंग आणि रोझेनहेन यांनी ताणलेल्या धातूचा घासून चकचकीत केलेला पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यावर बारीक पायऱ्यापायऱ्यांच्या रेषा दिसल्या. धातूतले थर पत्त्यांच्या कॅटसारखे एकमेकांवरून सरकले होते.

तेव्हा धातूसाठी खरा प्रश्न वेगळा आहे. थर एकमेकांपासून ओढून तोडायला किती ताण लागतो, हा तो प्रश्न नाही. थर एकमेकांवरून सरकवायला किती ताण लागतो, हा खरा प्रश्न.

फ्रेंकेलचं गणित

१९२६ मध्ये याकोव्ह फ्रेंकेल या सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञाने हा दुसरा हिशेब केला. किराणा दुकानात असतात तसे अंड्यांचे दोन ट्रे एकमेकांवर ठेवल्याची कल्पना करा. वरच्या ट्रेचे फुगवटे खालच्या ट्रेच्या खळग्यांत बसलेले आहेत. वरचा ट्रे एक घर पुढे सरकवायचा, तर त्याला आधी चढ चढावा लागेल. बरोबर मध्यावर तो क्षणभर तोल साधतो, आणि मग पुढच्या खळग्यात घसरतो. सर्वांत जास्त जोर खळगा आणि मध्य यांच्या अधेमधे लागतो.

अणूंच्या थरांचं असंच आहे. इथेही फ्रेंकेलने साइन वक्र घेतला. फरक एवढाच, की सुरुवातीची चढण इथे कातर गुणांक ठरवतो. थर एकमेकांवरून सरकवण्याला पदार्थ किती विरोध करतो, त्याचं हे माप. उत्तर आलं सोपं : थर सरकवायला लागणारा ताण म्हणजे कातर गुणांकाचा सुमारे सहावा भाग.

इथे तांब्याचं उदाहरण घेऊ, कारण त्यात फरक फार उठून दिसतो. तांब्याचा कातर गुणांक सुमारे ४८,००० मेगापास्कल. त्याला २π ने भागलं की ७,६०० येतात. प्रत्यक्षात शुद्ध तांब्याच्या मऊ केलेल्या एकसंध स्फटिकातले थर १ मेगापास्कलच्याही आत सरकायला लागतात. तफावत ७,६०० पटींहून जास्त! वक्राचा आकार सुधारून गणित केलं, तरी ती हजार पटींच्या खाली येत नाही.

फ्रेंकेलच्या गणितात एक गृहीत होतं, इतकं साहजिक की ते चटकन जाणवत नाही. थर सरकताना त्यातले सगळे अणू एकाच वेळी उडी मारतात, असं त्याने धरलं होतं. नेमकं तेच चुकीचं होतं.

सतरंजीतली सुरकुती

लग्नाच्या कार्यालयात अंथरलेली लांबलचक सतरंजी वीतभर पुढे सरकवायची आहे. टोक धरून ओढली तर ती जागची हलत नाही, कारण सगळ्या सतरंजीचं घर्षण एकदम मोडावं लागतं. पण एका टोकाला वीतभर सुरकुती काढली आणि ती पायाने पुढे ढकलत दुसऱ्या टोकापर्यंत नेली, तर एकटा माणूसही हे काम करू शकतो. सुरकुती पार गेली की सतरंजी वीतभर पुढे आलेली असते.

१९३४ मध्ये जी. आय. टेलर, एगोन ओरोवान आणि मायकेल पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे हीच गोष्ट स्फटिकांसाठी मांडली. स्फटिकाच्या वरच्या अर्ध्या भागात अणूंचा एक उभा थर जास्तीचा घुसलेला आहे आणि तो मध्येच संपतो, असं समजा. तो जिथे संपतो तिथे अणूंची एक विस्कटलेली रेषा तयार होते. तिला डिस्लोकेशन म्हणतात. मराठी शास्त्रीय लेखनात तिच्यासाठी स्थानभ्रंश हा शब्द आहे.

या रेषेजवळचे अणू आधीच अर्धवट सरकलेले असतात. अंड्यांच्या ट्रेच्या भाषेत, त्यांनी निम्मा चढ चढलेलाच असतो. थोडा धक्का मिळाला, की रेषेलगतचा एक बंध सुटून शेजारच्याशी जुळतो, आणि रेषा एक घर पुढे जाते. पुन्हा तेच, आणि पुन्हा. रेषा स्फटिकाच्या या बाजूने त्या बाजूला पोचली, की वरचा अर्धा भाग बरोबर एक अणू पुढे सरकलेला असतो. अखेर काम तेवढंच झालं, पण कोणत्याही क्षणी फक्त एका रेषेवरचे बंध मोडावे लागले. साडेतीनशे डबे गेले ते इथे.

अशा रेषा विरळ असतात असंही नाही. मऊ केलेल्या धातूच्या एका घनसेंटिमीटरमध्ये, म्हणजे साधारण एका फाशाएवढ्या तुकड्यात, त्यांची एकूण लांबी १० ते १,००० किलोमीटर भरते. धातू वितळलेल्या स्थितीतून गोठताना त्या तयार होतात, आणि धातू वाकवला की आणखी वाढतात.

पुरावा कुठे आहे?

१९३४ मध्ये हा केवळ तर्क होता. डिस्लोकेशन कोणी पाहिलं नव्हतं. ही कल्पना खरी असेल, तर डिस्लोकेशन नसलेला धातू सैद्धांतिक ताकदीच्या जवळ पोचायला हवा. पण असा धातू आणायचा कुठून?

तो कोणी न बोलावताच आला. कथलाचा मुलामा दिलेल्या विद्युत उपकरणांवर कधीकधी धातूचे केसाहून बारीक तंतू आपोआप उगवतात आणि शॉर्टसर्किट करतात. १९५२ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत हेरिंग आणि गाल्ट यांनी असे तंतू वाकवून पाहिले. नेहमीच्या कथलाला जितकं वाकवलं की ते कायमचं वाकतं, त्याच्या कितीतरी पट जास्त वाकवूनही हे तंतू सोडताच सरळ झाले. तंतू इतके बारीक होते, की त्यांत थर सरकवू शकेल असं डिस्लोकेशन जवळजवळ नव्हतंच.

मग १९५६ मध्ये एस. एस. ब्रेनर यांनी लोखंडाचे असे तंतू ओढून पाहिले. सर्वांत मजबूत तंतूने सुमारे १३,००० मेगापास्कल ताण सोसला. वर आलेला काटेकोर हिशेबाचा आकडा आठवा : १२ ते १३ हजार. शिखराची उंची खरी होती. त्याच वर्षी केंब्रिजमध्ये हिर्श, हॉर्न आणि व्हेलन यांनी ॲल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्यातून इलेक्ट्रॉनांचा झोत पाठवला, आणि डिस्लोकेशनच्या रेषा पडद्यावर हलताना दिसल्या.

मग रूळ असेच निर्दोष का बनवत नाहीत? ब्रेनर यांचे तंतू मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतके जाड होते. तंतू जाड झाला की त्यात कुठेतरी एखादं डिस्लोकेशन येतंच, आणि ताकद कोसळते. रुळाएवढा निर्दोष स्फटिक बनवणं शक्य नाही. बनला, तरी त्यावर पहिलं चाक घासलं की त्याचं निर्दोषपण संपेल.

दोष काढता येत नाही, पण अडवता येतो

म्हणून धातूचे कारागीर उलट वाटेने जातात. डिस्लोकेशन घालवता येत नसेल, तर त्याची वाट अडवायची.

याचा प्रयोग घरी करता येतो. बाइंडिंग वायरचा तुकडा एका जागी काटकोनात वाकवा आणि मग सरळ करायचा प्रयत्न करा. नेमका तो बाक पूर्ण सरळ होत नाही. तार त्याच्या शेजारी वाकते, कारण वाकलेला भाग कडक झालेला असतो. वाकवताना तिथे डिस्लोकेशनची इतकी गर्दी झाली, की त्या एकमेकींत अडकल्या. भरपूर ठोकलेल्या किंवा ताणलेल्या धातूच्या एका घनसेंटिमीटरमधल्या डिस्लोकेशनची एकूण लांबी दहा लाख किलोमीटरवर जाऊ शकते. इतक्या लांबीत चंद्रावर जाऊन परत येता येईल. हीच तार चुलीत लालबुंद करून सावकाश थंड केली, की गुंता सुटतो आणि ती पुन्हा मऊ होते.

पुण्याच्या तांबट आळीतले कारागीर ही गोष्ट पिढ्यानपिढ्या हातांनी जाणतात. भांड्यावर हातोडीचे एकसारखे ठोके देण्याच्या त्यांच्या कामाला मठारकाम म्हणतात. त्या ठोक्यांनी भांडं चमकदार दिसतं, आणि तांबं कडकही होतं. घडवताना ते फार कडक झालं, तर भट्टीत तापवून पुन्हा मऊ करून घ्यावं लागतं.

रुळाच्या पोलादात हेच काम दुसऱ्या पद्धतीने होतं. त्यात ०.६ ते ०.८ टक्के कार्बन असतो. रूळ थंड होताना पोलादात दोन पदार्थांचे थर एकाआड एक बसतात : एक मऊ लोखंडाचा, दुसरा लोह-कार्बाइडचा, जो फार कठीण असतो. हे थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतात. मऊ थरातून निघालेलं डिस्लोकेशन लगेचच कठीण भिंतीवर आपटून थांबतं. म्हणून शुद्ध लोखंड १०० च्या आत हार मानतं, तर हे पोलाद ८८० पर्यंत जातं. असंच थरांचं पोलाद ओढून बारीक तार केली, की थर आणखी जवळ येतात, आणि सतारीसारख्या वाद्यांच्या पोलादी तारा २,००० मेगापास्कलच्याही पुढे जातात.

थंडीच्या पहाटे

आता पिंगळीच्या रुळाकडे परत येऊ. आजचे रूळ लांबवर वेल्डिंग करून जोडलेले असतात, त्यामुळे त्यांना थंडीत आखडायला जागा नसते. एखादा रूळ ४० अंश तापमानाला ताणरहित बसवला आणि हिवाळ्यात पहाटे १० अंशांपर्यंत थंड झाला, असं समजा. परभणीकडच्या थंडीत हे अवघड नाही. ३० अंशांच्या या फरकाने रुळात सुमारे ७० मेगापास्कल ओढ तयार होते. सगळ्या रुळावर ती ५४ टन भरते.

८८० च्या तुलनेत ७० काहीच नाही. चाकांमुळे येणारा आणि रूळ बनवताना आत राहिलेला ताण मिळवून ढोबळमानाने १५० धरू. तरीही हा आकडा ८८० च्या सहाव्या भागाएवढाच आहे. मग थंडीत रुळाला तडा जातो कसा? इथे ग्रिफिथची भेग परत येते. एखाद्या कमजोर वेल्डमधून किंवा चाकांच्या लाखो फेऱ्यांनी रुळात भेग वाढत जाते. ती एका ठरावीक लांबीची झाली, की एरवी किरकोळ असलेला ताणही रूळ तोडू शकतो.

ही ठरावीक लांबी किती? समजा पोलाद काचेसारखं वागलं असतं, म्हणजे भेग वाढायला फक्त नव्या पृष्ठभागांची ऊर्जा पुरली असती. ग्रिफिथच्या सूत्राने १५० मेगापास्कलला उत्तर येतं सुमारे ९ मायक्रॉन, केसाच्या जाडीच्या आठव्या भागाएवढं. एवढा ओरखडा प्रत्येक रुळावर असतो. असा रूळ पहिल्याच हिवाळ्यात तुटला असता.

खऱ्या रुळाच्या पोलादाचा भेगांना होणारा विरोध मोजून तोच हिशेब केला, तर उत्तर येतं सुमारे १४ मिलिमीटर. म्हणजे दीड हजार पट मोठी भेग सोसली जाते. हा फरक डिस्लोकेशनमुळे पडतो. भेगेच्या टोकाशी ताण एकवटला, की तिथले बंध तुटण्याआधी डिस्लोकेशन हलतात. धातू तिथे थोडा वाहतो, टोक बोथट होतं, आणि भेग पुढे सरकवायला लागणारी बहुतेक ऊर्जा या सरकण्यातच खर्च होते.

रेल्वेची सुरक्षा या दीड हजार पटींवर उभी आहे. ९ मायक्रॉनची भेग रुळावर चालता चालता शोधणं अशक्य आहे. पण काही मिलिमीटरची भेग श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या यंत्राने सापडू शकते. म्हणूनच ते यंत्र घेऊन कर्मचारी ठरावीक काळाने रूळ तपासतात, आणि थंडीच्या रात्री गस्तही घातली जाते. लहान भेग मोठी होईपर्यंत मिळणारी ही सवड आहे. अर्थात तिला मर्यादा आहे. पोलाद जितकं कडक करत जाऊ, म्हणजे डिस्लोकेशनच्या वाटा जितक्या बंद करत जाऊ, तितकी ही सवड सहसा कमी होत जाते. रुळाची प्रत निवडताना ८८० च्या जागी थेट २,००० का घेत नाहीत, याचं एक मोठं कारण हेच.

म्हणजे गेलेले साडेतीनशे डबे फुकट गेलेले नाहीत. अणूंचे थर सहज सरकतात म्हणून रूळ फक्त ८ डबे पेलतो. आणि ते सहज सरकतात म्हणूनच त्याला भेग पडली, तरी ती सापडेपर्यंत त्याच्यावरून गाड्या जात राहतात.